ब्रुकलिनच्या घुमटाखालचा खिळा : परांचीवरून पडलेला एक रंगारी आणि मुख्य कंत्राटदार–उपकंत्राटदारांची जबाबदारी

मोटारगाडीचे चाक निखळून कोणी जखमी झाले किंवा शीतपेयाच्या बाटलीत काही भलतेच निघाले, तर ज्या उत्पादकाशी आपला कोणताही करार झालेला नाही त्यालाही न्यायालयात खेचता येते. आज ही गोष्ट इतकी सहज वाटते की तिला इतिहास असेल असे मनातही येत नाही. तो इतिहास आहे, आणि त्याच्या पहिल्या काही पानांवर ब्रुकलिनच्या एका न्यायालयाच्या घुमटाखाली लाकडी परांचीवरून कोसळलेला एक रंगारी आहे. त्या परांचीत एक आडवा वासा दोराने बांधण्याऐवजी खिळ्याने ठोकलेला होता.

हा खटला ‘डेव्हलिन विरुद्ध स्मिथ’ या नावाने ओळखला जातो. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १८८२ साली त्याचा निकाल दिला. ब्रुकलिन तेव्हा न्यूयॉर्क शहराचा भाग नव्हते. ते स्वतंत्र शहर होते आणि पुढे १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले. किंग्ज परगण्याचे न्यायालय याच शहरात होते. त्याच्या घुमटाला आतून रंग द्यायचा होता आणि परगण्याच्या अधिकाऱ्यांनी ते काम स्मिथ नावाच्या रंगकाम करणाऱ्या कंत्राटदाराला दिले.

स्मिथला रंगकाम येत होते, परांची बांधता येत नव्हती. घुमटाची आतली बाजू जमिनीपासून सुमारे ९० फूट उंच होती. म्हणजे आजच्या आठ-नऊ मजल्यांच्या इमारतीइतकी उंची, आणि तीही बाहेरच्या सरळ भिंतीला टेकलेली नव्हे, तर वर आतल्या बाजूला वळत जाणाऱ्या घुमटाखाली मोकळ्या जागेत उभारायची. असे काम रंगाऱ्याने स्वतः करू नये हे स्मिथला कळत होते. म्हणून त्याने स्टीव्हन्सन नावाच्या अनुभवी परांची-बांधणाऱ्याशी वेगळा करार केला. स्टीव्हन्सनला त्याने पूर्वीही काम दिलेले होते. त्याने उत्तम प्रतीची परांची उभारून द्यायची आणि त्याबद्दल ठरलेली रक्कम घ्यायची, असे ठरले. आजच्या बांधकामाच्या भाषेत परगणा हा मालक, स्मिथ हा कंत्राटदार, स्टीव्हन्सन हा उपकंत्राटदार आणि डेव्हलिन हा स्मिथच्या पगारावरचा मजूर. चार पक्ष, पण करार जोडीजोडीने झालेले : परगणा आणि स्मिथ, स्मिथ आणि स्टीव्हन्सन, स्मिथ आणि डेव्हलिन. डेव्हलिन आणि स्टीव्हन्सन यांच्यात मात्र कागदाचा कपटाही नव्हता. पुढचा सगळा वाद या रिकाम्या जागेवरून झाला.

परांची उभी राहिली, रंगकाम सुरू झाले. डेव्हलिन घुमटाच्या वळणाजवळ काम करत होता. तो ज्या फळीवर बसला होता, ती एका आडव्या वाशावर टेकलेली होती आणि तो वासा उभ्या खांबाला खिळ्यांनी ठोकलेला होता. वासा निखळला, फळी खाली गेली आणि डेव्हलिन तळाच्या फरशीवर आपटला. त्यात त्याचा मृत्यू झाला.

न्यायालयापुढे परांचीच्या कामातले जाणकार साक्षीदार आले. त्यांचे म्हणणे सविस्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण खटल्यातील निष्काळजीपणाचा सारा पुरावा त्यांच्या त्या एका मुद्द्यावर तोललेला होता. असा आडवा वासा उभ्या खांबाला दोराने बांधायचा असतो, खिळ्याने ठोकायचा नसतो, असे त्यांनी सांगितले. माणसे चालू लागली की फळ्या लवतात आणि पुन्हा वर येतात. प्रत्येक पावलागणिक तो हिसका वाशाच्या टोकाशी पोचतो. खिळा अशा हिसक्यांनी हळूहळू सैल होतो, बाहेर सरकतो किंवा तुटतो. दोराचे याच्या उलट आहे. ओझे पडले आणि हिसके बसले की वेढे एकमेकांवर आवळतात, गाठ अधिक घट्ट होते. एकच ओझे एका जोडणीला कमजोर करते आणि दुसरीला बळकट करते. मुंबई-पुण्याच्या इमारतींभोवती बांबूची परांची बांधताना कारागीर बांबूच्या सांध्याला काथ्याच्या दोराचे वेढे देतात ते बांबू ठोकल्यास चिरतो म्हणून तर खरेच, पण त्यामागे हेही शहाणपण आहे.

या दोषाचे एक वैशिष्ट्य म्हणजे तो पहिल्या दिवशी दिसत नाही. नुकता ठोकलेला खिळा घट्टच असतो. खाली उभे राहून वर पाहणाऱ्या रंगाऱ्याला परांची भक्कमच वाटणार. तो दोष ओळखण्यासाठी जोडणी कशी असायला हवी याचे ज्ञान लागते आणि तेच विकत घेण्यासाठी स्मिथने स्टीव्हन्सनला पैसे दिले होते.

डेव्हलिनच्या वतीने दावा दोघांवरही करण्यात आला, स्मिथवर आणि स्टीव्हन्सनवर. खालच्या न्यायालयाने तो ज्यूरीपुढे जाऊच दिला नाही. दोघांपैकी कोणावरही जबाबदारी येत नाही, असे ठरवून दावा काढून टाकला. पहिल्या अपिलातही तेच झाले. हे निकाल निर्दय वाटतात, पण त्या काळच्या कायद्याप्रमाणे ते विचित्र नव्हते. ते का नव्हते, हे कळण्यासाठी चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे आणि अटलांटिकपलीकडे इंग्लंडमध्ये जावे लागते.

१८३७ साली इंग्लंडमध्ये प्रीस्टली नावाच्या एका खाटकाच्या नोकराचा खटला झाला. जास्त माल भरलेली गाडी मोडून त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. नोकराने मालकावर दावा केला. तो अखेर फेटाळताना लॉर्ड ॲबिंजर यांनी जे तर्क मांडले, त्यांतून पुढे ‘सहकाऱ्याच्या चुकीचा नियम’ रुजला. एका मजुराच्या चुकीने दुसरा मजूर जखमी झाला तर मालक जबाबदार नाही. नोकरी पत्करताना सोबत्यांच्या चुकांचा धोकाही मजुराने पत्करला आहे, असे कायदा गृहीत धरत असे. पाच वर्षांनी, १८४२ मध्ये, विंटरबॉटम नावाच्या टपालगाडीच्या चालकाचा खटला आला. गाडी सुस्थितीत ठेवण्याचा करार राइट नावाच्या माणसाने टपाल खात्याशी केला होता. गाडी मोडली, चालक जखमी झाला. न्यायालय म्हणाले, करार राइट आणि टपाल खाते यांच्यातला, चालक त्यात पक्षकार नाही, म्हणून त्याला राइटवर दावा लावता येणार नाही. तसे करू दिले तर रस्त्याने जाणारा प्रत्येकजण दावे लावील आणि त्याला अंतच राहणार नाही. हा निकाल देणाऱ्यांतही लॉर्ड ॲबिंजर होतेच. एकाच न्यायाधीशाने पाच वर्षांत मजुरासाठी दोन्ही दारे बंद केली, एक स्वतःच्या मालकाकडे जाणारे आणि दुसरे परक्या कंत्राटदाराकडे जाणारे.

आता ही दोन्ही दारे डेव्हलिनच्या प्रकरणाला लावून पाहावीत. परांची स्मिथच्याच पगारी माणसांनी बांधली असती, तर ‘ती सहकाऱ्याची चूक’ म्हणून स्मिथ बहुधा सुटला असता. परांची स्वतंत्र उपकंत्राटदाराने बांधली, तर ‘तो माझा नोकर नाही’ म्हणून स्मिथ सुटतो आणि ‘मजुराशी माझा करार नाही’ म्हणून उपकंत्राटदारही सुटतो. काम जितक्या हातांत वाटावे तितकी जबाबदारी विरघळत जाते.

अपील न्यायालयात निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती चार्ल्स रॅपॅलो यांनी. त्यांनी दोन प्रतिवादींचा विचार निरनिराळा केला.

स्मिथबाबत त्यांनी खालचा निकाल कायम ठेवला. मालकाचे कर्तव्य सुरक्षिततेची हमी देण्याचे नसते, वाजवी काळजी घेण्याचे असते, असे त्यांचे सूत्र होते. स्मिथने ज्या कामाची स्वतःला माहिती नाही ते काम त्यात मुरलेल्या माणसाकडे सोपवले. तो माणूस अकुशल असल्याचा किंवा स्मिथला तसे ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. स्टीव्हन्सन स्वतंत्र कंत्राटदार होता, त्याच्या चुकीचे ओझे स्मिथवर टाकता येत नव्हते. हा तर्क आतून सुसंगत आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की ज्याच्या सांगण्यावरून मजूर ९० फुटांवर चढला, त्याचे काम एका चांगल्या माणसाशी करार केला की संपले. इतिहासाने हा भाग फार काळ टिकू दिला नाही.

स्टीव्हन्सनबाबत मात्र रॅपॅलो यांनी खालचा निकाल उलटवला. करार नसताना जबाबदारी कधी येते याची एक वाट न्यूयॉर्कमध्ये आधीच उघडलेली होती. १८५२ मध्ये ‘थॉमस विरुद्ध विंचेस्टर’ या खटल्यात एका औषध-उत्पादकाने बेलाडोना या विषारी अर्काच्या बरणीवर निरुपद्रवी डॅन्डेलियनची चिठ्ठी लावली होती. मध्यस्थ दुकानदारांच्या हातांतून ती बरणी शेवटी एका आजारी स्त्रीपर्यंत पोचली. उत्पादकाचा तिच्याशी करार नव्हता, तरी त्याला जबाबदार धरले गेले, कारण विषावर चुकीची चिठ्ठी लावल्याने माणसाच्या जिवाला धोका होणारच. पण विष हे मुळातच घातक. परांची ही लाकूड, फळ्या आणि खिळे यांची साधी वस्तू. तिला विषाच्या पंक्तीत बसवता येईल का?

रॅपॅलो यांनी ते केले, आणि त्यासाठी वस्तूच्या जातीकडे न पाहता तिच्या उद्देशाकडे पाहिले. ही परांची कशासाठी बांधली होती? स्मिथच्या रंगाऱ्यांनी तिच्यावर उभे राहावे, केवळ यासाठी. तिच्यात दोष राहिला तर कोण पडणार हे स्टीव्हन्सनला अंदाजाने ओळखायचे नव्हते, ते ठरलेलेच होते. शिवाय स्मिथ स्वतः त्या परांचीवर चढणार नव्हता. म्हणजे ज्याच्याशी करार होता त्याला दोषयुक्त कामाने शारीरिक इजा होण्याचा संभव जवळजवळ नव्हता आणि ज्याच्याशी करार नव्हता त्याला मृत्यूचा धोका निश्चित होता. अशा स्थितीत ‘करार नाही’ हे उत्तर चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि स्टीव्हन्सनविरुद्धचा दावा पुन्हा चालवण्याचा आदेश दिला.

एक मर्यादा येथे नीट पाहायला हवी. न्यायालयाने स्टीव्हन्सनला दोषी ठरवले नाही. खिळे ठोकणे हा निष्काळजीपणा होता की नाही हे ज्यूरीने ठरवावे, एवढेच सांगितले. या निकालाने मजुराच्या घरच्यांना पैसे मिळवून दिले, असे लिहिले जाते तेव्हा लिहिणाऱ्याने निकालपत्र वाचलेले नसते.

विशेष म्हणजे हाच प्रश्न जवळजवळ त्याच वेळी लंडनमध्येही उभा राहिला होता. १८८३ च्या ‘हेवन विरुद्ध पेंडर’ खटल्यात सुक्या गोदीत उभ्या असलेल्या जहाजाला रंग देणारा मजूर पडला. त्याच्या झुल्याचे दोर आधीच जळके झालेले होते. झुला पुरवला होता गोदीमालकाने, करार होता जहाजमालकाशी, आणि मजूर होता तिसऱ्याच रंगकंत्राटदाराचा. तेथेही मजुराचा दावा मान्य झाला. दोन्ही देशांत आणि दोन्ही खटल्यांत माणूस एकच, दुसऱ्याने उभारलेल्या परांचीवर तिसऱ्यासाठी रंग देणारा रंगारी. तो योगायोग नव्हता. रंगकाम हे बांधकामातले सर्वांत शेवटचे काम असते. रंगारी येतो तेव्हा परांची आधीच कोणीतरी बांधून गेलेला असतो. ती उभारताना रंगारी तेथे नसतो, आणि ती उभारणारा रंगाऱ्याच्या वेळी तेथे नसतो.

डेव्हलिन निकालातला स्टीव्हन्सनविषयीचा भाग पुढे कायद्याच्या एका मोठ्या प्रवाहाला जाऊन मिळाला. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्याच अपील न्यायालयात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांच्यापुढे ‘मॅकफर्सन विरुद्ध ब्यूक’ हा खटला आला. ब्यूक मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे मोडले आणि मॅकफर्सन गाडीतून फेकला गेला. गाडी त्याने विक्रेत्याकडून घेतली होती, ब्यूकशी त्याचा करार नव्हता. त्यातून ते चाकही ब्यूकने बनवलेले नव्हते, दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतले होते. म्हणजे मुख्य उत्पादक आणि त्याचा पुरवठादार अशी तीच जुनी जोडी. कार्डोझो यांनी ज्या निकालांचा आधार घेतला त्यांत डेव्हलिनची परांची ठळक आहे. त्यांचे म्हणणे असे की विषाची बरणी एकटीच अपवाद असती तर नियम अरुंद राहिला असता, पण परांचीसारखी वस्तूही त्यात बसली, म्हणजे मुद्दा वस्तू मुळात घातक आहे का हा नसून निष्काळजीपणाने बनवल्यास ती घातक होते का हा आहे. ‘चाक दुसऱ्याने बनवले’ हे ब्यूकचे उत्तरही त्यांनी नाकारले, कारण साध्या तपासणीत दोष दिसला असता आणि तपासणी करणे ब्यूकचे काम होते. स्मिथला १८८२ मध्ये जी सवलत मिळाली होती ती ब्यूकला १९१६ मध्ये मिळाली नाही. १९३२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘डॉनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ या गाजलेल्या बाटलीच्या खटल्यात मॅकफर्सन निकालाचा आधार घेतला. त्या खटल्यातल्या पेय-उत्पादकाचे आडनावही स्टीव्हन्सनच निघावे, ही इतिहासाची एक गंमत.

बांधकामावरच्या मजुराला मात्र या भव्य प्रवासाचा उपयोग मर्यादित होता. त्याला परांची बांधणारा उपकंत्राटदार सापडला तरी त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. तो उपकंत्राटदार बहुधा लहान असे. त्याच्याकडे भरपाई देण्याइतका पैसा असेलच असे नव्हते. ज्याच्याकडे पैसा आणि जागेवरचा हुकूम दोन्ही होते, तो मुख्य कंत्राटदार ‘वाजवी काळजी’च्या आडोशाला सुरक्षित होता. ही जागा न्यायालयाने नव्हे, विधिमंडळाने भरून काढली.

डेव्हलिन निकालानंतर तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, न्यूयॉर्क राज्याने परांच्यांविषयी कायदा केला. इमारत उभारण्याच्या, दुरुस्तीच्या किंवा रंगकामाच्या वेळी मजुराला जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने असुरक्षित परांची, शिडी वा तत्सम साधन देण्यास त्याने मनाई केली. १८९७ च्या श्रम कायद्यात ही तरतूद पुन्हा आली, पण ‘जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने’ हे शब्द गळून पडले होते. कायद्याच्या इतिहासात गाळलेले शब्द पुष्कळदा घातलेल्या शब्दांहून बोलके असतात. १९०० मध्ये अपील न्यायालयाने त्याचा अर्थ लावला : आता मालकाचे कर्तव्य वाजवी काळजीपुरते उरलेले नाही, परांची सुरक्षित असलीच पाहिजे, आणि नेहमीच्या वापरात ती कोसळली तर तेच प्रथमदर्शनी निष्काळजीपणाचे लक्षण मानता येईल. स्मिथचा ‘मी चांगला माणूस नेमला होता’ हा बचाव येथे संपला.

१९२१ च्या फेररचनेत हे कलम २४० क्रमांकाचे झाले आणि आजही न्यूयॉर्कमध्ये ते ‘परांची कायदा’ म्हणूनच ओळखले जाते. त्यात मोजमापेही आहेत. २० फुटांहून उंच परांचीला संरक्षक कठडा हवा आणि परांचीवर जास्तीत जास्त जितके वजन येणार असेल त्याच्या चौपट पेलण्याची तिची क्षमता हवी. दोन रंगारी आणि त्यांचे रंगाचे डबे मिळून २०० किलो होत असतील, तर ती ८०० किलोंना पुरी पडेल अशी बांधायची. ही चौपट भीतीपोटी लिहिलेली नाही. उडी, हिसका, ओलसर लाकूड, सैल झालेला सांधा हे सगळे त्या फरकात सामावते. डेव्हलिनचा वासा कदाचित स्थिर ओझ्याला पुरला असता. तो हिसक्यांना पुरला नाही.

तरीही एक विचित्र तिढा निर्माण झाला. १९१४ पासून न्यूयॉर्कमध्ये कामगार नुकसानभरपाई योजना लागू झाली. अपघात झाला की चूक कोणाची हे न विचारता ठरावीक भरपाई मिळे, पण त्या बदल्यात मजुराला स्वतःच्या मालकावर दावा लावता येत नसे. बांधकामावरच्या मजुराचा प्रत्यक्ष मालक बहुधा उपकंत्राटदार असतो. म्हणजे त्याच्यावरचा दावा गेला, आणि परांची कायदा तर मजुराला कामाला लावणाऱ्यावर बोट ठेवत होता. शेवटी १९६० च्या दशकातील सुधारणांनी, मुख्यतः १९६९ च्या दुरुस्तीने, कलमाचा रोख बदलला आणि जबाबदारी थेट ‘सर्व कंत्राटदार आणि मालक’ यांच्यावर टाकली. कामावर देखरेख मुख्य कंत्राटदार करत होता की नाही, परांची त्याची होती की उपकंत्राटदाराची, हे प्रश्न मजुराच्या दाव्यापुरते गैरलागू झाले. पुढे १९८० मध्ये एक-दोन कुटुंबांच्या घरांच्या मालकांना, ते कामावर हुकूम चालवत नसतील तर, यातून वगळण्यात आले, कारण घराला रंग देणाऱ्या सामान्य गृहस्थाला परांचीचे शास्त्र माहीत असणे अपेक्षित नव्हते.

मजुराची स्वतःची चूक हा मुद्दाही हळूहळू मागे सरला. १९४८ मध्ये न्यायालयाने म्हटले की उंचीवर काम करणारा मजूर स्वतःचे रक्षण करण्याच्या स्थितीत क्वचितच असतो, म्हणून त्याच्या वाट्याची चूक हा या कलमाखाली बचाव नाही. पण कायदा अगदीच आंधळा नाही. पडणे म्हणजे आपोआप भरपाई असे नव्हे. साधन पुरेसे होते आणि अपघाताचे कारण फक्त मजुराचे वर्तन होते असे दिसले, तर दावा टिकत नाही, हे २००३ च्या एका निकालाने स्पष्ट केले. त्या प्रकरणात शिडी ठीक होती आणि तिचा सरकता भाग मजुराने स्वतः नीट अडकवला नव्हता.

मजुराला भरपाई दिल्यावर मुख्य कंत्राटदार आणि उपकंत्राटदार यांचा आपसातला हिशेब सुरू होतो. प्रत्यक्ष चूक उपकंत्राटदाराची असेल, तर मुख्य कंत्राटदार दिलेले पैसे त्याच्याकडून मागू शकतो, आणि त्यासाठी बांधकामाच्या करारांत भरपाईची कलमे घातलेली असतात. तत्त्व असे की मजुराने साखळीतल्या कोणत्या कडीत दोष होता हे शोधत बसू नये. ते शोधण्याचे काम, खर्च आणि धोका त्या कड्या जोडणाऱ्यांचा. रॅपॅलो यांच्या निकालात मजुराला नेमका दोषी शोधावा लागत होता. शतकभरात तो शोध मजुराच्या खांद्यावरून उतरून कंत्राटदारांच्या खांद्यावर आला. याची किंमतही आहे. विमा महागतो, चूक नसलेला मालकही पैसे भरतो, आणि न्यूयॉर्कचे बांधकाम-व्यावसायिक हा कायदा सौम्य करावा म्हणून कित्येक वर्षे मागणी करत आले आहेत. त्यांची तक्रार खोटी नाही. प्रश्न एवढाच की तो भार दुसऱ्या कोणावर टाकायचा.

भारतात हाच पेच दुसऱ्या मार्गाने सोडवला गेला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे १२ वे कलम ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर बेतलेले होते. एखाद्याने आपल्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम कंत्राटदाराकडून करून घेतले आणि त्या कंत्राटदाराचा कामगार जखमी झाला, तर काम देणारा मुख्य माणूस जणू स्वतःचाच कामगार असल्याप्रमाणे भरपाई देण्यास बांधील ठरे, आणि ती रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळे. चूक कोणाची हा प्रश्न येथेही विचारायचा नव्हता. मात्र अपघात मुख्य माणसाच्या ताब्यातील जागेत किंवा तिच्या आसपास झालेला असावा, ही अट होती.

ब्रुकलिनची ती परांची या कलमाला लावून पाहिली, तर मोजके पण स्पष्ट निष्कर्ष निघतात. डेव्हलिन स्मिथचाच पगारी मजूर असल्याने स्मिथला थेट भरपाई द्यावी लागली असती, खिळा कोणी ठोकला हे न पाहता. परगण्याचे प्रशासन मात्र सुटले असते, कारण रंगकाम हा न्यायालय चालवणाऱ्यांचा धंदा नव्हे. एखाद्या मुंबईच्या विकासकाने आपल्याच इमारतीचे रंगकाम मुकादमामार्फत उरकले असते, तर इमारती बांधणे हाच त्याचा धंदा असल्याने ‘तो मजूर माझा नाही’ हे उत्तर त्याला चालले नसते. उरतो तो अवघड प्रसंग : परांची चढवताना स्टीव्हन्सनचाच सुतार पडला असता तर? परांची बांधणे हा रंगकंत्राटदाराच्या नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणायचा की नाही, यावर स्मिथची जबाबदारी ठरली असती. स्मिथ म्हणाला असता, परांची हे माझे काम नाही, म्हणूनच तर मी ते बाहेर दिले. सुताराचा वकील म्हणाला असता, परांचीवाचून ज्याचा ब्रश घुमटाला लागत नाही त्याच्या धंद्याचा परांची हा भाग नाही, असे कसे म्हणता येईल?